हॉट वॉलेट की कोल्ड वॉलेट: चावी कुठे राहते आणि सही कुठे होते, एवढंच बघा

क्रिप्टोच्या ग्रुपवर दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतंच, "भाऊ, हार्डवेअर वॉलेट घेऊ का, की मोबाइलमधलं ॲप चालेल?" आणि खाली लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो कोल्डशिवाय, म्हणजे अशा वेगळ्या हार्डवेअर डिव्हाइसशिवाय, काहीच सेफ नाही, दुसरा म्हणतो दहा हजाराचं डिव्हाइस घेऊन वीस हजाराचे कॉइन ठेवायचे हा कुठला शहाणपणा. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पण मुळात फरक कशात आहे हे नीट माहीत असेल तर आपल्याला काय लागेल हे आपलं आपल्यालाच ठरवता येतं, म्हणून जरा निवांत लिहितोय.

आधी एक गैरसमज काढून टाकू

वॉलेटमध्ये कॉइन नसतात. बिटकॉइन काय, इथर काय, सगळा हिशोब ब्लॉकचेनवर, म्हणजे जगभरच्या कॉम्प्युटरवर ठेवलेल्या सामायिक वहीत, असतो आणि तो कोणीही बघू शकतं. तुमच्याकडे असते ती फक्त प्रायव्हेट की, म्हणजे "हे कॉइन इथून तिथे पाठवा" या ऑर्डरवर सही करायची ताकद. ही की बनते सीड फ्रेजमधून, म्हणजे ते 12 किंवा 24 इंग्रजी शब्द (काही नवीन डिव्हाइसवर 20 शब्दही येतात). ज्याच्याकडे ते शब्द आहेत त्याच्याकडे कॉइन आहेत, मोबाइल कोणाचा, डिव्हाइस कोणाचं, याला काही अर्थ नाही.

म्हणून एक्सचेंजच्या ॲपवर जे दिसतं ते वॉलेट नव्हेच, चावी त्यांच्याकडे असते आणि तुम्हाला दिसतो तो त्यांच्या खातेवहीतला आकडा. 18 जुलै 2024 ला वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजमधून साधारण 23 कोटी डॉलरचे कॉइन गेले तेव्हा विड्रॉवल बंद झालं, आणि प्रकरण सिंगापूरच्या कोर्टातून फिरून ऑक्टोबर 2025 मध्ये प्लॅटफॉर्म पुन्हा सुरू होईपर्यंत लोकांना वर्षाहून जास्त वाट बघावी लागली. ज्यांनी आपले कॉइन आधीच स्वतःच्या वॉलेटमध्ये काढून घेतले होते त्यांना बातमी वाचण्यापलीकडे काही करावं लागलं नाही, मग ते वॉलेट हॉट असो की कोल्ड.

मग हॉट आणि कोल्डमध्ये फरक काय

तलाठी कार्यालयातला शिक्का डोळ्यासमोर आणा. कागद आत जातो, तिथे शिक्का बसतो, कागद बाहेर येतो, शिक्का मात्र कधी बाहेर जात नाही. कोल्ड वॉलेट असंच काम करतं. कॉम्प्युटर किंवा मोबाइल सही नसलेलं ट्रान्झॅक्शन डिव्हाइसला देतो, डिव्हाइसच्या आत सही होते, सही झालेलं ट्रान्झॅक्शन परत बाहेर येतं आणि मग ते इंटरनेटवर जातं. चावी त्या डिव्हाइसमधून बाहेर पडत नाही. हॉट वॉलेटमध्ये, म्हणजे मेटामास्क, ट्रस्ट वॉलेट, फँटम, ब्लूवॉलेट वगैरेंमध्ये, हाच शिक्का तुमच्या फोनमध्ये किंवा ब्राउझरमध्ये असतो, पासवर्ड लावून लॉक केलेला असतो हे खरं, पण सही करायच्या वेळी तो उघडावा लागतो आणि तेही अशा मशीनवर जिथे व्हॉट्सॲप आहे, क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर आहे, पोरांनी टाकलेले गेम आहेत.

एवढाच फरक आहे. बाकी ब्लूटूथ आहे की नाही, स्क्रीन रंगीत आहे की काळी-पांढरी, हे नंतरचं.

आणि यातूनच एक गोष्ट निघते जी लोक सर्रास विसरतात. पंधरा हजाराचं डिव्हाइस घेतलं, सेटअप केलं, 24 शब्द कागदावर लिहिले, आणि मग "हरवायला नको" म्हणून त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढला. फोटो आपोआप क्लाउडवर गेला. त्या क्षणी तुमचं कोल्ड वॉलेट हॉट झालं, डिव्हाइस कपाटात कुलपात असलं तरी. शब्द स्वतःलाच व्हॉट्सॲप करणं, नोट्समध्ये टाइप करणं, ऑफिसच्या प्रिंटरवर प्रिंट काढणं, सगळं त्यातच आलं. उलट बाजूनेही तसंच आहे, जुन्या मेटामास्कचे शब्द नवीन हार्डवेअर डिव्हाइसमध्ये टाकले म्हणून ते कोल्ड होत नाहीत, कारण ते शब्द आधीच इंटरनेटवाल्या मशीनवर जन्माला आलेले आहेत. डिव्हाइसवर नवीन शब्द तयार करायचे आणि कॉइन नवीन पत्त्यावर पाठवायचे, दुसरा रस्ता नाही.

हॉट वॉलेटमधून पैसे जातात ते नेमके कसे

हॅकर काळा हुडी घालून तुमचा पासवर्ड फोडतोय असं फार कमी वेळा होतं. बहुतेक वेळा माणूस स्वतःच देतो. सपोर्टवाला बनून टेलिग्रामवर मेसेज येतो, "वॉलेट सिंक करा", लिंकवर शब्द टाकायचा बॉक्स असतो, शब्द टाकले की दोन मिनिटांत खातं साफ. कुठलंही खरं वॉलेट, कुठलीही खरी कंपनी तुम्हाला वेबसाइटवर शब्द टाकायला सांगत नाही, कधीच नाही. कधीकधी वॉलेट बनवणाऱ्याचीच चूक असते, ऑगस्ट 2022 मध्ये सोलाना या ब्लॉकचेनवरच्या स्लोप वॉलेटबाबत असं बाहेर आलं की ॲप लोकांचे सीड शब्द लॉगमध्ये साध्या अक्षरांत सर्व्हरवर पाठवत होतं, आणि हजारो वॉलेट रिकामी झाली. यात वापरणाऱ्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं.

दुसरा प्रकार पत्त्याचा. तुम्ही पत्ता कॉपी करता, मालवेअर क्लिपबोर्डमध्ये तो बदलतं, तुम्ही पेस्ट करता आणि पहिली चार अक्षरंसुद्धा न बघता सेंड दाबता. किंवा त्याहून गोड प्रकार, तुम्ही नेहमी ज्या पत्त्यावर पाठवता त्याच्यासारखाच, सुरुवात आणि शेवट जुळणारा पत्ता बनवून कोणीतरी तुमच्या हिस्टरीत फुटकळ ट्रान्झॅक्शन टाकून ठेवतं, पुढच्या वेळी तुम्ही हिस्टरीतून कॉपी करता आणि पैसे त्याच्याकडे. मे 2024 मध्ये असाच एक जण 1155 रॅप्ड बिटकॉइन, म्हणजे इथेरियमवर चालणारं बिटकॉइनचं टोकन रूप, तेव्हाचे साधारण 6.8 कोटी डॉलर, चुकीच्या पत्त्यावर पाठवून बसला (बरीचशी रक्कम नंतर परत आली, पण असं नशीब सगळ्यांचं नसतं). म्हणून पत्ता हिस्टरीतून उचलायचा नाही, आणि मधली अक्षरंही बघायची.

तिसरा प्रकार म्हणजे परवानगी. इथेरियम, पॉलिगॉन वगैरे ब्लॉकचेनवर एखाद्या साइटला "माझं हे टोकन तू वापर" अशी अप्रूव्हल द्यावी लागते आणि डिफॉल्ट बऱ्याचदा अमर्याद असते. फुकट एअरड्रॉपच्या नादात खोट्या साइटला अप्रूव्हल दिली की ती साइट सावकाश, तुम्ही झोपल्यावर, टोकन उचलते. इथे लोकांना वाटतं साइट डिसकनेक्ट केली की झालं. नाही होत. अप्रूव्हल ब्लॉकचेनवर नोंदलेली असते, ती वेगळी काढावी लागते, `revoke.cash` सारख्या ठिकाणी जाऊन, आणि त्याला थोडा गॅस, म्हणजे नेटवर्कची फी, लागते.

कोल्ड वॉलेट यातलं काय थांबवतं आणि काय नाही

क्लिपबोर्डचा घोळ थांबवतं, पण फक्त तुम्ही डिव्हाइसच्या छोट्या स्क्रीनवर पत्ता वाचला तर. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर मालवेअर काहीही दाखवू शकतं, डिव्हाइसची स्क्रीन मात्र खरं काय सही होतंय ते दाखवते. फोनमधला व्हायरस चावी चोरू शकत नाही, कारण चावी तिथे नाहीच. डिव्हाइस चोरीला गेलं तर पिन आहे, लेजर कंपनीच्या डिव्हाइसवर 3 वेळा चुकीचा पिन टाकला की डिव्हाइस स्वतःला पुसतं, ट्रेझर कंपनीच्या बऱ्याच मॉडेलवर 16 वेळा.

पण शब्द तुम्हीच कोणाला दिले तर डिव्हाइस काही करू शकत नाही. आणि न वाचता सही केली तरी काही करू शकत नाही, हे फार लोकांच्या लक्षात येत नाही. 21 फेब्रुवारी 2025 ला बायबिट एक्सचेंजच्या कोल्ड वॉलेटमधून साधारण 150 कोटी डॉलरचं इथर गेलं. कोल्ड वॉलेट होतं बरं का, एकापेक्षा जास्त लोकांच्या सह्या लागत होत्या. पण सही करणाऱ्यांना कॉम्प्युटरवर दिसत होतं ते नेहमीचं ट्रान्सफर आणि प्रत्यक्षात सही झाली ती वेगळ्याच गोष्टीवर. तलाठ्याने कागद न वाचता शिक्का मारला तर शिक्का कुलपात असण्याचा काय उपयोग. म्हणून डिव्हाइसवर नुसतं "ब्लाइंड साइनिंग" असं काही दिसलं, किंवा अर्थ न लागणारी आकड्यांची माळ दिसली, तर रिजेक्ट करायचं. बिटकॉइनमध्ये हा त्रास जवळजवळ नाही, तिथे पत्ता, रक्कम आणि फी एवढंच असतं. म्हणूनच माझं वैयक्तिक मत असं की कोल्ड वॉलेटचा सगळ्यात जास्त फायदा बिटकॉइन धरून बसणाऱ्याला होतो, रोज डीफायच्या, म्हणजे ब्लॉकचेनवरच चालणाऱ्या देवघेवीच्या, साइटवर खेळणाऱ्याला तेवढा होत नाही.

कोणाला काय सूट होतं

रुपयाचा एकच आकडा सांगून मोकळं होणं सोपं आहे पण ते खरं नाही. मी तीन प्रश्न विचारतो. ही रक्कम गेली तर तुमच्या घरखर्चाला किंवा ठरवलेल्या कामाला धक्का बसेल का? हे कॉइन महिन्यातून किती वेळा हलवता? आणि तुम्ही एक कागद दहा वर्षं सांभाळून ठेवणारे आहात का, की घराचं लाइट बिलसुद्धा सापडत नाही?

तिसरा प्रश्न मस्करी नाही. कोल्ड वॉलेटमध्ये चोरीची भीती कमी होते आणि स्वतःच हरवायची भीती वाढते. फरगॉट पासवर्ड नाही, कस्टमर केअर नाही, ब्रँच मॅनेजर नाही. ज्याला हे झेपणार नाही त्याने छोटी रक्कम असेल तर चांगल्या एक्सचेंजवर ठेवणं हाही प्रामाणिक पर्याय आहे, धोका माहीत असून घेतलेला.

शिकणारा विद्यार्थी, हजार-दोन हजाराचे कॉइन, कधी या नेटवर्कवर कधी त्या, त्याला हॉट वॉलेट पुरे. रोज कॉइनची अदलाबदल, म्हणजे स्वॅप, करणारा, वेगवेगळ्या साइटला वॉलेट जोडणारा, त्याला हॉट वॉलेट लागणारच, फक्त त्यात रोजच्या कामापुरतंच ठेवायचं. दर महिन्याला थोडं थोडं घेऊन पाच-दहा वर्षं हात न लावणारा, त्याला कोल्ड. आणि बहुतेकांना शेवटी दोन्ही लागतात, ज्याचं प्रमाण साधारण असं की हॉटमधलं सगळं गेलं तर शिवी देऊन पुढे जाता आलं पाहिजे.

दोन्ही ठेवणार असाल तर दोन्हीचे शब्द वेगळे हवेत. एकाच सीडवर मोबाइल ॲप आणि डिव्हाइस चालवणं म्हणजे दोन्ही हॉट.

एका मित्राचं प्रकरण, पहिल्यापासून शेवटपर्यंत

चाकणला कंपनीत असलेला एक मित्र, तीन वर्षं दर आठवड्याला एक्सचेंजवर थोडं थोडं बिटकॉइन घेत होता, जमले साधारण 0.05 बिटकॉइन. शिवाय मेटामास्कमध्ये थोडं इथर, ज्यावर तो प्रयोग करायचा. त्याला म्हटलं इथर राहू दे आहे तिथे, बिटकॉइन काढू. ते कसं काढलं ते क्रमाने सांगतो, कारण यातली एकही पायरी वगळण्यासारखी नाही.

पहिली गोष्ट डिव्हाइस घ्यायच्याही आधीची. एक्सचेंजवर बिटकॉइन बाहेर काढता येतं का ते बघा. काही भारतीय ॲपवर क्रिप्टो विड्रॉ करायची सोयच नसते, काही ठिकाणी वेगळी मागणी करून ती सुरू करून घ्यावी लागते, पत्ता तुमचाच आहे ना असं विचारतात, नवीन पत्ता जोडल्यावर काही तास थांबवतात. फी किती आणि कमीत कमी किती काढता येतं तेही बघा. डिव्हाइस घरी येऊन पडलं आणि एक्सचेंजमधून काहीच निघत नाही असं व्हायला नको.

दुसरं, डिव्हाइस कंपनीच्या साइटवरून किंवा तिच्या साइटवर नाव असलेल्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. ओएलएक्सवर "फक्त एकदा वापरलेलं" स्वस्तात मिळतं ते नको, ऑनलाइन मॉलवरचा कुठलातरी अनोळखी विक्रेताही नको. पॅकेट उघडल्यावर आत आधीच छापलेले किंवा स्क्रॅच करून मिळणारे शब्द असतील तर तो सापळा आहे, शब्द नेहमी तुमच्यासमोर डिव्हाइसच्या स्क्रीनवरच तयार झाले पाहिजेत. ट्रेझर फर्मवेअरशिवाय, म्हणजे आतल्या मूळ सॉफ्टवेअरशिवाय, येतं आणि पहिल्यांदा जोडल्यावर तुम्ही ते टाकता, लेजर आपल्या ॲपमधून डिव्हाइस खरं आहे का ते तपासतं. ॲप सर्चमधल्या जाहिरातीवर क्लिक करून उतरवू नका, पत्ता हाताने टाइप करा. आणि ऑर्डर करताना ऑफिसचा पत्ता देता आला तर द्या. 2020 मध्ये लेजरच्या ग्राहकांची यादी, नाव-फोन-घरच्या पत्त्यासकट, लाखोंच्या संख्येत बाहेर आली होती, त्यानंतर लोकांना खोटे ईमेल आले, पत्रं आली, काहींना तर घरपोच बनावट डिव्हाइस आली की "जुनं बदलून हे वापरा".

तिसरं, शब्द. दार लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, कॅमेरा असलेलं काहीही समोर नको. पेनाने, मोठ्या सुट्या अक्षरांत, नंबर टाकून लिहा. आमच्या मित्राने काय केलं, सहाव्या नंबरला `word` लिहिलं आणि डिव्हाइसवर होतं `world`. सीडचे शब्द ज्या ठरलेल्या 2048 शब्दांच्या यादीतून येतात त्यात हे दोन्ही शब्द आहेत, `work` पण आहे, म्हणजे वाचणाऱ्याला शंका यायचं कारणच नाही. शेवटच्या शब्दात एक तपासणी दडलेली असते खरी, पण 12 शब्दांच्या सीडमध्ये एखादा चुकीचा शब्द 16 पैकी साधारण एका वेळी त्यातून निसटतो, 24 मध्ये 256 पैकी एका वेळी. आणि निसटला तर एरर येत नाही, एक वेगळंच रिकामं वॉलेट उघडतं आणि माणसाला वाटतं कॉइन गेले.

त्याची चूक सापडली ती चौथ्या पायरीला, जी निम्मे लोक करत नाहीत. कॉइन पाठवायच्या आधी डिव्हाइस मुद्दाम पुसायचं. आधी पहिला रिसीव्ह पत्ता कागदावर उतरवून घ्यायचा (बिटकॉइनचा असेल तर तो बहुधा `bc1q` ने सुरू होईल), मग सेटिंगमधून डिव्हाइस वाइप करायचं आणि फक्त कागदावर बघून शब्द परत टाकायचे. तोच पत्ता आला तर कागद बरोबर आहे. त्याच्या वेळी डिव्हाइसने शब्दच घेतले नाहीत, मग एकेक अक्षर बघत बसलो. तेव्हा आत शून्य रुपये होते म्हणून पुन्हा नवीन शब्द तयार करून पहिल्यापासून लिहिणं ही अर्ध्या तासाची कटकट होती फक्त. दोन वर्षांनी डिव्हाइस बिघडल्यावर हे कळलं असतं तर?

पाचवं, टेस्ट. एक्सचेंजच्या कमीत कमी मर्यादेइतकी रक्कम आधी पाठवा. ॲपमध्ये रिसीव्ह दाबा, पत्ता डिव्हाइसच्या स्क्रीनवर आणि कॉम्प्युटरवर तोच आहे का ते पूर्ण वाचा, मग एक्सचेंजमध्ये टाका, नेटवर्क "बिटकॉइन" च निवडा. एक्सचेंजवर कधीकधी तेच नाव दुसऱ्या नेटवर्कवर स्वस्त फीत दाखवतात, मोह आवरा. ट्रान्झॅक्शन ब्लॉकचेनवर नोंदलं गेल्याची एक-दोन कन्फर्मेशन येऊ द्या, मग बाकीचं पाठवा. पुढच्या वेळी रिसीव्ह दाबल्यावर वेगळा पत्ता दिसेल, घाबरू नका, वॉलेट दर वेळी नवा पत्ता देतं आणि जुन्यावर आलेलंही तुमचंच असतं.

दर आठवड्याला काढू नका

हा मुद्दा मराठीत कुठे लिहिलेला दिसत नाही म्हणून थोडा थांबतो. एसआयपीवाल्याला वाटतं घेतलं की लगेच कोल्डमध्ये टाकावं. पण बिटकॉइनमध्ये प्रत्येक आलेली रक्कम सुटा तुकडा म्हणून राहते, आणि पुढे खर्च करताना जितके तुकडे जोडावे लागतात तितकं ट्रान्झॅक्शन जाड होतं. एक तुकडा साधारण 68 व्हर्च्युअल बाइटचा. वर्षभर दर आठवड्याला काढलं की साधारण 50 तुकडे, म्हणजे सगळे एकत्र पाठवताना 3400 बाइटच्या वर. सॅटोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग. फी दर बाइटला 2 सॅटोशी असेल तर ते सातेक हजार सॅटोशीत होतं, काहीच नाही. पण तीच फी 50 सॅटोशी असेल तर 1,70,000 च्या वर सॅटोशी, म्हणजे 0.0017 बिटकॉइन नुसत्या फीत गेले. 20 एप्रिल 2024 ला हाल्विंगच्या, म्हणजे नवीन बिटकॉइन तयार होण्याचं प्रमाण निम्मं झालं त्या, दिवशी हा दर शेकड्यांत गेला होता. शिवाय एक्सचेंजची विड्रॉवल फी दर वेळची वेगळी. म्हणून मित्राला सांगितलं तिमाहीला एकदा काढ, किंवा एक्सचेंजवरची रक्कम तुला बोचायला लागेल इतकी झाली की काढ.

शब्द ठेवायचे कुठे

कागद कोकणात किंवा मुंबईत दोन पावसाळ्यांत मऊ होतो, शाई पसरते, वाळवी लागते ते वेगळंच. रक्कम मोठी असेल तर स्टीलची प्लेट घ्या, किंवा जाड स्टेनलेस पट्टी आणि हार्डवेअरच्या दुकानातले अक्षरांचे पंच घेऊन स्वतः ठोका. 12 किंवा 24 शब्दांच्या नेहमीच्या यादीत प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं वेगळीच असतात, त्यामुळे चारच ठोकली तरी चालतं. फॅब्रिकेशनवाल्याला कागद देऊन खोदून घेऊ नका, हे सांगायची गरज नसावी पण लोकांनी केलंय.

दोन प्रती, दोन वेगळ्या इमारतींत. एक घरी, एक बँकेच्या लॉकरमध्ये किंवा गावी. 12 शब्द इकडे आणि 12 तिकडे असं अर्धं-अर्धं करू नका, कारण एक भाग गेला की सगळं गेलं, आणि दुसरीकडे अर्धे शब्द सापडलेल्या माणसाला निम्मेच शब्द शोधायचे उरतात.

पासफ्रेज नावाचा जादाचा शब्द लावायची सोय असते, डिव्हाइस कोणी उघडून आतलं काढलं तरी त्याशिवाय कॉइन हलत नाहीत. चांगली गोष्ट आहे, पण ती चुकली तरी डिव्हाइस "चूक" म्हणत नाही, गुपचूप दुसरं रिकामं वॉलेट उघडतं. एक कॅपिटल अक्षर विसरलात तर संपलं. पहिलं वर्षभर तरी लावू नका असं माझं सांगणं.

टॅक्सचं एवढंच

स्वतःच्या एक्सचेंज खात्यातून स्वतःच्या वॉलेटमध्ये पाठवणं म्हणजे विक्री नाही, त्यावर 30 टक्के टॅक्स लागत नाही. पण पुढे विकाल तेव्हा खरेदीची किंमत दाखवावी लागेल, आणि तोपर्यंत ते एक्सचेंज असेलच याची खात्री नाही. म्हणून काढायच्या दिवशीच ट्रेडचा पूर्ण रिपोर्ट उतरवून ठेवा आणि विड्रॉवलचा ट्रान्झॅक्शन आयडी त्याच फाइलमध्ये लिहा. विड्रॉवल फी बिटकॉइनमध्येच कापली जाते ती पण नोंदवा, नाहीतर सीएसमोर आकडे जुळत नाहीत.

घरच्यांना काय सांगायचं

कोल्ड वॉलेटला नॉमिनी नसतो. उद्या तुम्हाला काही झालं तर बायको, आई, भाऊ यांच्या हातात एक पेनड्राइव्हसारखी वस्तू येईल आणि ती ते भंगारात देतील. मित्राच्या बायकोला क्रिप्टोत शून्य रस, तरी तिच्यासाठी एक पानाचं मराठी पत्र बनवलं. त्यात शब्द नाहीत, पिनही नाही. त्यात आहे: डिव्हाइसचं नाव, ते कुठल्या कपाटात आहे, स्टीलची प्लेट कुठल्या लॉकरमध्ये आहे, त्यावर 24 शब्द आहेत आणि ते क्रमानेच टाकायचे, डिव्हाइस चालू नसेल तर त्याच कंपनीचं किंवा त्याच पद्धतीचं दुसरं घेऊन त्यात टाकता येतात, हे शब्द फोनवर, वेबसाइटवर किंवा मदत करतो म्हणणाऱ्या कोणाकडेही द्यायचे नाहीत, आणि घाई करायची नाही, कॉइन कुठे पळून जात नाहीत. खाली एका अशा माणसाचं नाव जो शेजारी बसून मदत करेल पण ज्याला प्लेट दाखवायची नाही. लॉकरवर बायकोचं जॉइंट नाव आहे का तेही बघून घेतलं, नव्हतं, ते काम पुढच्याच शनिवारी बँकेत जाऊन केलं.